भाऊबीजेला तहसील बंद, बँक चालू: ही सुट्टी नेमकी कुणाची?

गेल्या दिवाळीत, म्हणजे २३ ऑक्टोबर २०२५ च्या गुरुवारी, परभणीत आमच्या घरी ओवाळणी सकाळी पावणेआठलाच उरकली. कारण वहिनींना बँकेत जायचं होतं. दादा तहसीलमध्ये, त्यांना सुट्टी. ताई आणि दाजी आदल्या रात्रीच नांदेडहून आलेले. दाजी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात. त्यांचं ऑफिस चालू होतं, पण ते मात्र घरी. आणि पुतण्या छत्रपती संभाजीनगरात एका खासगी ऑफिसात. तोही घरीच होता, फक्त त्याची त्या दिवशीची रजा त्याच्या खात्यातून वजा झाली.

"सरकारनं सुट्टी दिली की आज, मग तू कामून चालली?" दादांनी वहिनींना विचारलं.

"तुमच्या सरकारनं तुम्हाला दिली. बँकेला कुठं दिली?" वहिनी पर्स खांद्याला लावत म्हणाल्या आणि निघाल्या.

एकाच घरात, एकाच दिवशी, चार नोकऱ्या आणि चार वेगळे हिशोब. मी वीस वर्षं खासगी ठिकाणी हजेरी आणि पगारपत्रकं सांभाळली आहेत. दर दिवाळीला हा घोळ माझ्या टेबलावर यायचा, म्हणून तो सुटा करून सांगतो.

## पहिला प्रश्न: सुट्टी कुणी दिली, आणि कोणत्या अधिकारानं?

कॅलेंडरमधल्या लाल आकड्याला स्वतःचं असं काही वजन नसतं. छापणारा तो स्वतःच्या अंदाजानं लाल करतो. सुट्टी खरी ठरते ती तिच्यामागच्या कागदावरून. तो कागद कुणी काढला आणि कुणासाठी काढला, एवढं कळलं की सार्वजनिक, बँक, ऐच्छिक, निर्बंधित हे सगळे शब्द आपोआप जागेवर बसतात.

यातला सगळ्यात जुना कागद आहे १८८१ चा. परक्राम्य संलेख अधिनियम असं त्याचं जड नाव. परक्राम्य संलेख म्हणजे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाऊन पैसे मिळवून देणारा दस्त: चेक, हुंडी, वचनचिठ्ठी. गंमत अशी की ज्याला आपण सरकारी सार्वजनिक सुट्टी म्हणतो, ती या व्यापारी कायद्याच्या २५ व्या कलमातून येते. नोकरांच्या विश्रांतीचा तिथे विचारच नाही. तिथला प्रश्न साधा आहे: हुंडीची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी पेढीच बंद असेल, तर पैसे कधी द्यायचे?

कायद्याचं उत्तर आपल्या सवयीच्या उलटं आहे. मुदत सार्वजनिक सुट्टीवर आली तर पैसे त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी द्यायचे. हुंडीला मुदतीवर तीन दिवसांची सवलत असते. ती धरून शेवटचा दिवस २ ऑक्टोबरला आला, तर रक्कम १ ऑक्टोबरलाच देणं लागते. सरकारी अर्जाची शेवटची तारीख सुट्टीला आली तर आपण दुसऱ्या दिवशी जातो, आणि १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात तशी तरतूदही आहे. पण ती कायद्यानं ठरवलेल्या मुदतींसाठी. हुंडीवाल्याला ती लागू धरून बसलात तर एक दिवस उशीर झालेला असतो.

या कलमाखाली सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार मुळात केंद्राचा. ८ मे १९६८ च्या अधिसूचनेनं केंद्रीय गृह मंत्रालयानं तो राज्यांकडे सोपवला. म्हणून दरवर्षी महाराष्ट्राचा सामान्य प्रशासन विभाग पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना राजपत्रात काढतो. २०२५ साठी त्या २४ होत्या. शिवजयंती, गुढीपाडवा, आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, रमजान ईद, गणेश चतुर्थी, बलिप्रतिपदा वगैरे. ही पहिली आणि सगळ्यात वजनदार यादी.

## मग बँक हॉलिडे वेगळा कसा?

फारसा वेगळा नाही. १८८१ च्या कायद्याखाली जाहीर झालेली सुट्टी ही बँकेची सुट्टी असतेच, कारण तो कायदाच बँक-व्यवहारांचा आहे. त्या २४ दिवसांत तहसील आणि बँक दोन्ही बंद.

पण बँकेला त्यावर आणखी काही दिवस मिळतात. १ एप्रिलला वार्षिक हिशोब बंद करण्यासाठी सुट्टी असते. राज्याच्याच अधिसूचनेत ती येते, मात्र सोबत स्पष्ट लिहिलेलं असतं की ती फक्त बँकांपुरती आहे. त्या दिवशी तहसील चालू, बँक बंद. भाऊबीजेच्या बरोबर उलटं चित्र. शिवाय १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे त्यांचे सगळेच शनिवार बंद. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बँक उघडी असते हे मात्र अर्ध्या गावाला अजून पचलेलं नाही.

बँकांच्या सुट्ट्या पाहायला लोक रिझर्व्ह बँकेची यादी उघडतात. ती राज्यवार म्हणतात, पण प्रत्यक्षात शहरांच्या नावानं लावलेली असते. महाराष्ट्रासाठी त्यात मुंबई, नागपूर आणि बेलापूर दिसतात. लातूर नाही, नांदेड नाही. आपण मुकाट्यानं मुंबईचा रकाना बघतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो.

एकदा मात्र सपशेल चुकला असता. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरला, शुक्रवारी होती. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. मिरवणुका एकमेकींवर येऊ नयेत म्हणून राज्यानं ही सुट्टी ८ सप्टेंबरला नेली, पण फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत. बाकी महाराष्ट्रात ती ५ लाच राहिली. मोबाइलवर मथळा फिरला तो "ईदची सुट्टी बदलली" एवढाच. ५ तारखेला बँकेत जाणारा परभणीकर कुलूप बघून परतला असणार, आणि ८ ला घरी बसणाऱ्याचा एक दिवस वाया गेला असणार.

## भाऊबीजेची सुट्टी या यादीत का नाही?

आता वहिनींच्या पर्सकडे परत येऊ. राज्य शासन गेली काही वर्षं भाऊबीजेला अतिरिक्त सुट्टी देतं. २०२५ मध्येही दिली. पण ती त्या २४ मध्ये नव्हती, १८८१ च्या कायद्याखालची नव्हती. मालकानं आपल्या माणसांना दिलेली सुट्टी, असं तिचं स्वरूप. राज्य सरकार दादांचं मालक आहे, वहिनींच्या बँकेचं नाही. म्हणून दादा घरी आणि वहिनी काउंटरवर.

याचा परिणाम फक्त हजेरीपुरता नाही. एखाद्या व्यापाऱ्याची हुंडी २३ ऑक्टोबरलाच देय होती असं समजा. "सरकारी सुट्टी होती" हे सांगून उपयोग नाही, आणि आदल्या दिवसाचा नियमही लागत नाही. त्या कायद्याच्या दृष्टीनं तो गुरुवार साधा कामाचा दिवस होता. पैसे त्याच दिवशी द्यायचे. त्याच आठवड्यातला बुधवार, २२ ऑक्टोबर, म्हणजे पाडवा, यादीत होता. मंगळवार २१, लक्ष्मीपूजन, तोही होता. तेव्हा पाडव्याला देय असलेली हुंडी मागे सरकत थेट सोमवारी, २० तारखेला आली असती. सलग तीन दिवस सणाचे, पण कायद्याला त्यातले दोनच दिसतात.

याच जातीची दुसरी सुट्टी आपल्याकडे घरोघरी ओळखीची आहे: स्थानिक सुट्टी. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून तीन दिवस जिल्ह्यापुरती सुट्टी देता येते. पोळा, महालक्ष्म्या, गावची मोठी यात्रा किंवा उरूस अशा दिवसांसाठी ती वापरली जाते. पोळ्याला मुंबईतल्या मंत्रालयाला काही फरक पडत नाही, पण हिंगोलीत त्या दिवशी ऑफिसात येऊन कोण बसणार? म्हणून हा अधिकार जिल्ह्याला आहे, आणि म्हणूनच शेजारच्या जिल्ह्याच्या तीन सुट्ट्या वेगळ्या असू शकतात. जालन्याचा निरोप बीडमध्ये पुढे ढकलू नये.

त्या आदेशाची शेवटची ओळ नेहमी वाचावी. हा आदेश न्यायालयं, बँका आणि केंद्र शासनाच्या कार्यालयांना लागू नाही, अशा अर्थाचं वाक्य तिथे असतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी बँक उघडी का, याचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

१७ सप्टेंबरचा, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा, प्रश्नही असाच सुटतो. १९४८ साली निजामाच्या राजवटीतून आपण सुटलो तो दिवस. आठही जिल्ह्यांत शासकीय ध्वजारोहण होतं. पण राज्याच्या २४ सार्वजनिक सुट्ट्यांत तो नाही. त्यामुळे बँक त्या दिवशी चालू असते. सरकारी कार्यालयाचं काय, हे त्या वर्षीच्या जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या आदेशावरून पाहायचं. हा दिवस यादीत असावा असं मला मनापासून वाटतं, पण माझ्या वाटण्यानं बँकेचं शटर खाली येत नाही.

## ऐच्छिक आणि निर्बंधित: एकाच शब्दाचे दोन अर्थ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि तो शब्दांनीच घातला आहे. दाजींच्या नोकरीवरून तो उलगडू.

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी कार्मिक व प्रशिक्षण विभाग दरवर्षी परिपत्रक काढतो. त्यात दिल्लीबाहेरच्या कार्यालयांसाठी तीन थर असतात. पहिला थर १४ सक्तीच्या सुट्ट्यांचा: तीन राष्ट्रीय दिवस, दसरा, दिवाळी, दोन्ही ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद, बुद्ध पौर्णिमा, महावीर जयंती, गुरू नानक जयंती, गुड फ्रायडे आणि नाताळ. इथे कुणाला निवड नाही.

दुसरा थर ऐच्छिक सुट्ट्यांचा. परिपत्रकात १२ प्रसंगांची यादी असते: होळी, रामनवमी, महाशिवरात्री, गणेश चतुर्थी, मकर संक्रांत, ओणम, पोंगल, गुढीपाडवा आणि त्याच्यासोबतचे इतर नववर्षदिन वगैरे. त्यातल्या तीन निवडायच्या. पण निवडतं कोण? दाजी नाहीत. राज्याच्या राजधानीतली केंद्रीय कर्मचारी कल्याण समन्वय समिती निवडते, आणि त्या तीन दिवशी संबंधित कार्यालयं बंद राहतात. म्हणजे नाव ऐच्छिक, पण इच्छा समितीची. दाजींच्या हाती आलं की ते १४ अधिक ३, अशा १७ बंद सुट्ट्या होतात.

तिसरा थर निर्बंधित सुट्टीचा. तिचं इंग्रजी नाव रिस्ट्रिक्टेड हॉलिडे, बोलताना सगळे आरएच म्हणतात. बऱ्याच दिवसांची एक लांब यादी असते. त्यातले कुठलेही दोन दिवस कर्मचाऱ्यानं स्वतः निवडायचे. कार्यालय चालूच राहतं, निवडणारा तेवढा घरी. शिवजयंती केंद्राच्या सक्तीच्या यादीत नाही, ती या लांब यादीत आहे. भाऊबीजही आहे. दाजींनी २३ ऑक्टोबरला आरएच घेतली होती. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे साहेब त्या दिवशी कामावर होते, कारण त्यांनी आपल्या दोनपैकी एक १ जानेवारीला वापरून टाकली होती आणि दुसरी नाताळच्या आसपास हवी होती.

फरक लक्षात ठेवायला घरातलं उदाहरण घ्या. सक्तीची सुट्टी म्हणजे पंगतीत सगळ्यांना वाढलेला वरणभात. ऐच्छिक म्हणजे गोड काय करायचं हे घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, मग सगळ्यांनी तेच खायचं. आरएच म्हणजे शेवटी पानाच्या तबकातून आपापला विडा उचलायचा, आणि दोनच उचलायचे.

निर्बंध कुठला, असं लोक विचारतात. निर्बंध संख्येचा. यादी लांबलचक, परवानगी दोनाची. वर्षात घेतली नाही तर ती बुडते. पुढच्या वर्षी नेता येत नाही, तिचे पैसेही मिळत नाहीत. आणि आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. सकाळी फोन करून "आज माझी आरएच" असं चालत नाही. सोय एवढी की ती किरकोळ रजेला किंवा अर्जित रजेला पुढून-मागून जोडता येते. दाजींनी गुरुवारच्या भाऊबीजेला शुक्रवारची एक किरकोळ रजा जोडली, आणि शनिवार-रविवार धरून चार दिवस परभणीत काढले.

खासगी कंपन्यांनी या शब्दांची आणखी सरमिसळ केली. तिथे एचआरच्या पत्रकात ऑप्शनल हॉलिडे असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा केंद्राच्या आरएचसारखा असतो: दिलेल्या यादीतून तुम्ही स्वतः दोन किंवा तीन निवडा. तेव्हा "ऑप्शनल" शब्द ऐकला की आधी विचारायचं, निवड कार्यालयाची की माझी? उत्तर कार्यालयाची असेल तर ती केंद्राच्या अर्थानं ऐच्छिक. माझी असेल तर ती मुळात आरएच, नाव काहीही ठेवलेलं असो.

## खासगी ऑफिसला सरकारी यादी लागू होते का?

नाही. दरवर्षी कुणीतरी राज्याच्या अधिसूचनेची प्रत घेऊन माझ्याकडे यायचा आणि २४ दिवस मागायचा. मला त्याला बसवून चहा पाजून सांगावं लागायचं की ही यादी तुझ्यासाठी नाही.

दुकानं, ऑफिसं, हॉटेलं अशा ठिकाणी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. तो मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा वीसवर नेण्याला मंजुरी दिली. त्यात पगारी सणसुट्ट्या आठ आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपल्या भागाप्रमाणे, वर्ष सुरू होण्याआधी एकमेकांच्या संमतीनं ठरवायच्या.

या "वर्ष सुरू होण्याआधी" शब्दांवर सगळं अवलंबून आहे. पुतण्याच्या ऑफिसात २०२५ साठी चार ठरल्या त्या रमजान ईद, दसरा, लक्ष्मीपूजन आणि पाडवा. दसरा त्या वर्षी २ ऑक्टोबरलाच आला. गांधी जयंतीत तो विरघळला आणि एक सुट्टी हातची गेली. डिसेंबरात कुणी पंचांग उघडलं असतं तर दसऱ्याच्या जागी भाऊबीज घालता आली असती. ऑक्टोबरात आरडाओरड करून काय उपयोग? पुतण्याला मग वर्षाच्या आठ पगारी किरकोळ रजांतली एक खर्चावी लागली.

या आठ दिवसांत कामाला बोलावता येत नाही असं नाही. बोलावता येतं, पण त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी, दोन्ही द्यावं लागतं. "दोन्हींपैकी एक" असं सांगणारे मालक मी पाहिले आहेत. पगारपत्रक हातात पडलं की तपासायची जागा हीच: सणाच्या दिवसाची हजेरी लागली असेल, तर त्या दिवसाची रक्कम दुप्पट आहे का, आणि रजेच्या खात्यात एक दिवस वाढला आहे का.

कारखान्यांना हा कायदा लागू नाही. वाळूज किंवा शेंद्र्याच्या प्लांटमध्ये सणसुट्ट्या स्थायी आदेश आणि युनियनशी झालेल्या करारातून ठरतात. तिथे करारच वाचायला हवा.

## बँक बंद होती, मग हप्ता कसा कापला गेला?

कारण सुट्टी शाखेला असते, संगणकाला नाही. खात्यातून आपोआप जाणारे हप्ते ज्या यंत्रणेतून जातात, ती १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आहे. हप्ता ५ तारखेचा असेल आणि ५ ला सुट्टी असेल, तर पैसे ४ ला खात्यात हवेत. "उद्या भरतो" म्हणणाऱ्याला चेक न वटल्यासारखाच दंड बसतो.

चेकचं मात्र जुन्यासारखंच आहे. बँकेच्या सुट्टीला क्लिअरिंग नाही. आणि भाऊबीजेसारख्या फक्त सरकारी सुट्टीला क्लिअरिंग आहे. दादांनी त्या दिवशी गृहीत धरलं असतं की आपला दिलेला चेक आज काही लागत नाही, तर फसले असते.

## सुट्टी रविवारी आली, बदली द्या की!

केंद्राचं परिपत्रक याला सरळ नाही म्हणतं. सण साप्ताहिक सुट्टीवर आला, किंवा दोन सण एका दिवशी आले, तर बदली सुट्टी नाही. २०२५ मध्ये प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम हे चारही रविवारी गेले. राज्याच्या यादीत २४ आकडा छापलेला होता, पण हातात आलेले दिवस त्याहून कमीच.

आणि हक्काचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या एका प्रकरणात सांगून टाकलं की अमुक दिवशी सार्वजनिक सुट्टी मिळावी असा कुणाचा कायदेशीर हक्क नाही. सुट्टी देणं न देणं हे सरकारचं धोरण. याची दुसरी बाजू २२ जानेवारी २०२४ ला दिसली. अयोध्येच्या सोहळ्यासाठी केंद्रानं आपल्या कार्यालयांना दुपारी अडीचपर्यंत अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, आणि महाराष्ट्रानं त्याच दिवशी २५ व्या कलमाखाली पूर्ण दिवसाची सार्वजनिक सुट्टी. कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिलं, पण न्यायालयानं याचिका फेटाळली. ऐनवेळी आलेली सुट्टीसुद्धा कोणत्या कलमाखाली आली हे बघितलं की बँकेचं काय होणार ते कळतं.

## पुढची दिवाळी आत्ताच मांडून घ्या

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. पाडवा मंगळवारी, १० तारखेला. भाऊबीज बुधवारी, ११ ला, आणि राज्य शासनाची अतिरिक्त सुट्टी याही वर्षी तिलाच.

दादांचं असं होईल: शनिवार-रविवार घरी, सोमवारी ९ ला ऑफिस, मंगळवार-बुधवार पुन्हा घरी. त्या मधल्या सोमवारी अर्धी तहसील किरकोळ रजेवर असेल, तेव्हा सातबाऱ्याचं काम घेऊन कुणी जाऊ नये. वहिनींची बँक ७ ला उघडी, कारण तो पहिला शनिवार. ९ ला उघडी, १० ला बंद, ११ ला पुन्हा उघडी. दाजींची सक्तीची दिवाळी रविवारीच संपते, पुढे त्यांना आरएच आणि रजेचा हिशोब करावा लागेल. म्हणून आरएच जानेवारीत उधळू नका असं मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. आणि पुतण्याला विचारलं, चार दिवसांची बैठक कधी आहे ऑफिसात? तो म्हणाला, "काका, असली बैठक असते हेच मला माहीत नव्हतं."

वहिनी मात्र या वेळीही पावणेआठलाच ओवाळतील.